मायलिन गेलं तर संदेश हळू जातो, की थांबतो? – सॉल्टेटरी कंडक्शन सोप्या भाषेत



काशीमीऱ्याला आमच्याच इमारतीत राहणारी एक मुलगी यंदा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. अकरावी-बारावीत ती माझ्याकडे जीवशास्त्राच्या शंका घेऊन यायची, अजूनही येते. परवा संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, पुस्तकात लिहिलंय की मायलिन असलेल्या चेतातंतूत संदेश उड्या मारत जातो म्हणून वेग जास्त असतो. हे पाठ आहे माझं. पण मग मायलिन गेलं तर नुसता वेग कमी व्हायला हवा ना? पेशंटचे पाय लुळे का पडतात?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. 'उड्या मारतो' एवढ्यावर थांबलेल्या मुलाला त्याचं उत्तर देता येत नाही. आपणही वर्गात बहुतेक वेळा तिथेच थांबतो. म्हणून आजचा पाठ या एका प्रश्नावर.

आधी करंगळी दारावर आपटून बघा!

म्हणजे मुद्दाम आपटू नका, पण आपल्या सगळ्यांना तो अनुभव आहे. पायाची करंगळी दाराच्या चौकटीला लागते. लागल्याचं लगेच कळतं, पाठोपाठ एक तीक्ष्ण कळ येते. आपण पाय धरतो, आणि मग साधारण सेकंदभराने दुसरी, खोल, ठणकणारी वेदना सुरू होते. मार एकच, ठिकाण एकच, मग वेदना दोनदा का?

कारण निरोप वेगवेगळ्या तारांवरून निघाले. चेतातंतूंचे जाडी आणि आवरणानुसार प्रकार असतात. स्पर्शाचा निरोप जाड, भरपूर मायलिन असलेल्या तंतूंवरून जातो. त्यांचा वेग साधारण सेकंदाला ५० मीटर धरू. तीक्ष्ण कळ पातळ मायलिन असलेल्या बारीक तंतूंवरून जाते, तिचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. आणि ठणका ज्या तंतूंवरून जातो त्यांना मायलिन नसतंच. तिथला वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर.

पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर ढोबळमानाने १ मीटर धरा. स्पर्शाचा निरोप ५० च्या वेगाने २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोहोचतो. ठणक्याच्या निरोपाला त्याच वाटेवर पूर्ण १ सेकंद लागतो. हा उशीर आपल्याला घड्याळाशिवाय जाणवतो. मुलांना हा अनुभव आठवायला सांगा, आणि मग विचारा, 'असं का?'

बिनमायलिनच्या तंतूत नक्की काय होतं?

चेतापेशीच्या लांब शेपटासारख्या भागाला अक्षतंतू म्हणतात. तो एका पातळ पटलाने वेढलेला असतो. विश्रांतीत असताना आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पटलात सोडियमसाठी छोटे दरवाजे असतात, त्यांना आपण सोडियम चॅनेल म्हणू. पटलाजवळचा व्होल्टेज ठरावीक पातळीपर्यंत वर आला की हे दरवाजे उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, आणि तो भाग काही क्षण आतून धन होतो. मग सोडियमचे दरवाजे बंद होतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि सगळं पूर्ववत होतं. या सगळ्या चढ-उताराला क्रिया विभव किंवा अ‍ॅक्शन पोटेन्शियल म्हणतात. एका जागी हा खेळ साधारण १ मिलिसेकंद चालतो.

आता हा खेळ पुढे कसा सरकतो? आत आलेल्या धन प्रभाराचा धक्का अक्षतंतूच्या आतून पुढच्या भागाकडे जातो. तिथला व्होल्टेज हळूहळू वाढतो, ठरावीक पातळी गाठली की तिथलेही दरवाजे उघडतात. मग तिथून पुढचा भाग, मग त्याच्या पुढचा.

इथे मुलांच्या मनात दोन गोष्टी वेगळ्या करून द्यायला हव्यात. पहिली म्हणजे आतून पसरणारा विद्युत धक्का. तो झटपट पसरतो, पण जसजसा पुढे जातो तसतसा कमजोर होतो. दुसरी म्हणजे दरवाजे उघडून संदेश पुन्हा नव्याने, पूर्ण ताकदीने उभा करणं. त्याने ताकद भरून निघते, पण त्याला वेळ लागतो. बिनमायलिनच्या तंतूत धक्का फारच थोडं अंतर जातो, म्हणून ताकद भरण्याचं काम पावलोपावली करावं लागतं. सगळा वेळ त्यातच जातो.

मग प्रश्न एवढाच उरतो: धक्का लांबपर्यंत का जात नाही?

टँकरचा पाइप आठवा

उन्हाळ्यात आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर पाण्याचा टँकर उभा राहतो, हे दृश्य आपल्या मुलांना काही नवीन नाही. टँकरवाला तो चपटा, कापडी पाइप उलगडतो, एक टोक टाकीत सोडतो आणि पंप चालू करतो. लगेच पाणी येतं का? नाही. आधी तो पाइप फुगत फुगत पुढे जातो. जे पाणी पुढे जायचं, ते आधी पाइप फुगवण्यात खर्च होतं. आणि पाइप जुना असेल तर जागोजागी बारीक भोकांतून पिचकाऱ्या उडतात, ते पाणी वेगळंच वाया.

आता त्याच जागी लोखंडी पाइप लावला आणि तो आधीच पाण्याने भरलेला आहे असं समजा. पंप चालू केला की दुसऱ्या टोकाला जवळजवळ त्याच क्षणी पाणी पडतं. पंपाजवळचं पाणी धावत तिथे पोहोचलं का? नाही, फक्त दाब पोहोचला. लोखंड फुगत नाही, गळत नाही, म्हणून दाब वाटेत खर्च झाला नाही.

अक्षतंतूतही आयन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावत जात नाहीत. प्रत्येक जागचे आयन थोडेसे सरकतात आणि धक्का पुढे जातो. आणि या धक्क्याचे शत्रू तेच दोन आहेत, फुगणं आणि गळणं.

पटल फार पातळ असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून बसतात. व्होल्टेज बदलायचा तर आधी हा साठा बदलावा लागतो. भौतिकशास्त्रात आपण याला धारिता किंवा कपॅसिटन्स म्हणतो. हे झालं पाइपचं फुगणं. शिवाय पटलातून थोडा प्रवाह सतत बाहेर झिरपत असतो. हे झालं गळणं.

मायलिन काय करतं?

श्वान पेशी अक्षतंतूभोवती स्वतःचं पटल गुंडाळतात, अगदी काठीला कापड गुंडाळावं तसं. (मुलं 'श्वान' म्हटलं की हसतात. हसू द्या, आणि मग सांगा की हे थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचं नाव आहे, कुत्र्याचा काही संबंध नाही!) एका वेढ्यात पटलाचे दोन थर येतात. जाड तंतूभोवती सुमारे १०० वेढे असतील तर २०० थर झाले.

आता गळणं बघा. बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला एका दरवाजाऐवजी एकामागे एक दोनशे भिंती ओलांडाव्या लागतात. गळती ढोबळमानाने दोनशेपट कमी. आणि फुगणं? दोन्ही बाजूंच्या प्रभारांमधलं अंतर वाढलं की ते एकमेकांना पूर्वीइतके धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून धारिताही ढोबळमानाने दोनशेपट कमी. म्हणजे पूर्वी एक मिलिमीटर लांबीचा तुकडा भरायला जिथे २०० बादल्या प्रभार लागायचा, तिथे आता एक-दोन बादल्यांत काम भागतं. कापडी पाइपचा लोखंडी पाइप झाला!

इथे एक नेहमीची चूक सांगतो. उत्तरपत्रिकेत मुलं लिहितात, 'मायलिन विजेचं सुवाहक आहे म्हणून वेग वाढतो.' हे नेमकं उलटं आहे. मायलिन मेदयुक्त आहे, दुर्वाहक आहे. प्रवाह मायलिनमधून नाही, अक्षतंतूच्या आतून जातो. मायलिन फक्त त्याला बाहेर जाऊ देत नाही आणि भिंतीपाशी अडकूही देत नाही.

मग मधे मोकळ्या जागा कशाला?

लोखंडी पाइपसुद्धा फार लांब झाला तर दाब कमी होतोच. मायलिनखालीही धक्का हळूहळू कमजोर होतो. म्हणून दर मिलिमीटरभर अंतरावर मायलिनमध्ये एक बारीकशी फट असते. (बारीक तंतूंत हे अंतर याहून कमी असतं.) फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रॅन्व्हिए यांनी १८७० च्या दशकात तिचं वर्णन केलं, म्हणून तिला रॅन्व्हिएची गाठ म्हणतात. 'गाठ' या शब्दाने मुलांना तो फुगीर भाग वाटतो. तसं नाही. ती उघडी जागा आहे, आणि लांबीला जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर. म्हणजे हजार भाग झाकलेले आणि एक भाग उघडा.

या फटीत सोडियम चॅनेलची नुसती गर्दी असते. एका चौरस मायक्रोमीटरमध्ये हजाराच्या आसपास. मायलिनखालच्या पटलात मात्र ते फारच थोडे, पंचवीसहूनही कमी. हा आकडा आत्ता लक्षात ठेवा, आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

थोडक्यात, गाठी म्हणजे वाटेतले बूस्टर पंप. प्रत्येक पंपाला दाबावर चालणारं बटण आहे. मागून पुरेसा दाब आला की तो आपोआप सुरू होतो आणि पूर्ण ताकदीने पुढे ढकलतो. वेळखाऊ काम फक्त इथेच होतं, दर मिलिमीटरला एकदा. मधला प्रवास लोखंडी पाइपातून, जवळजवळ फुकट. वेगाचं सगळं गुपित एवढंच आहे.

'उडी' कितपत खरी?

'सॉल्टेटरी' हा शब्द उडी मारणं किंवा नाचणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. जपानचे इचिजी तासाकी यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बेडकाच्या एकेकट्या चेतातंतूवर प्रयोग करून उत्तेजना गाठींपाशीच उभी राहते हे दाखवलं. १९४९ मध्ये अँड्र्यू हक्स्ली आणि रॉबर्ट श्टॅम्फ्ली यांनी अशाच तंतूच्या बाजूने थोडं थोडं सरकत प्रवाह मोजला. त्यांना दिसलं ते फार बोलकं आहे. दोन गाठींच्या मधल्या भागात कुठेही मोजा, संदेश जवळपास एकाच वेळी आलेला दिसतो. गाठ ओलांडली की मात्र थोडा उशीर. पुढच्या भागात पुन्हा सगळीकडे जवळपास एकच वेळ, आणि पुढच्या गाठीला पुन्हा उशीर. आलेख काढला तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात. सपाट भाग मायलिनचा, चढण गाठीची.

म्हणजे 'उडी' म्हणताना दोन गोष्टी मुलांना स्पष्ट सांगा. पहिली, मधल्या भागात काहीच होत नाही असं नाही. तिथून प्रवाह जातोच, फक्त तिथे दरवाजे उघडून संदेश नव्याने उभा राहत नाही. बेडूक हवेतून उडी मारतो तसा संदेश तंतू सोडून बाहेर जात नाही.

दुसरी गोष्ट एका छोट्या हिशेबाने कळते. वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे मिलिसेकंदाला ५० मिलिमीटर. गाठींमधलं अंतर १ मिलिमीटर. म्हणजे एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत जायला मिलिसेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पण एका गाठीवरचं क्रिया विभव तर सुमारे १ मिलिसेकंद टिकतं! मग पहिली गाठ अजून शांत व्हायची असते तेव्हा पुढच्या जवळपास ५० गाठी एकापाठोपाठ पेटलेल्या असतात. 'एक गाठ पेटते, विझते, मग दुसरी पेटते' असं जे चित्र आपण फळ्यावर काढतो, ते चुकीचं आहे. हा हिशेब मुलांकडून करून घ्या, त्यांचे डोळे चमकतात.

वेगाची किंमत: माखली आणि बेडूक

वेग वाढवायचा दुसरा मार्गही आहे, पाइप जाड करायचा. माखलीच्या जातभाईंपैकी स्क्विड या समुद्री प्राण्यात तेच झालं. त्याच्या एका चेतातंतूचा व्यास अर्धा मिलिमीटर भरतो, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका. मायलिन नाही. वेग सेकंदाला साधारण २५ मीटर. आता बेडकाचा मायलिन असलेला तंतू घ्या. व्यास जेमतेम १२ मायक्रोमीटर, आणि तेवढ्याच थंड तापमानात वेग जवळपास तोच! व्यासात चाळीसपट फरक, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळात सुमारे सतराशेपट. स्क्विडचा एक तंतू मावतो त्या जागेत बेडकाचे सतराशे तंतू मावतील.

कारण असं की बिनमायलिनच्या तंतूत वेग व्यासाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट हवा तर जाडी चौपट करावी लागते. मायलिन असलेल्या तंतूत वेग साधारण व्यासाच्याच प्रमाणात वाढतो. आपल्या हातापायांकडे लाखो तंतू जातात. ते सगळे स्क्विडच्या पद्धतीने वेगवान करायचे तर ते पाठीच्या कण्यात मावले नसते.

आता मूळ प्रश्न: पाय लुळे का पडतात?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांतून गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. सगळ्या बातम्यांत 'जीबीएस' हा शब्द आला, तो हाच. रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, म्हणून पाण्याकडे संशय गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती संसर्गाशी लढता लढता चुकून स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात हल्ला मायलिनवर होतो, दुसऱ्यात गाठींपाशी असलेल्या अक्षतंतूच्या पटलावर. कॅम्पायलोबॅक्टरनंतर दुसरा प्रकार बऱ्याचदा दिसतो. आपल्या पाठाशी पहिल्याचा थेट संबंध आहे, म्हणून उदाहरण त्याचं घेऊ.

डॉक्टरांना मायलिन गेलंय हे कळतं कसं? चेतावहन चाचणीने, म्हणजे नर्व्ह कंडक्शन टेस्टने. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावतात. मनगटापाशी चेतातंतूला छोटा विजेचा झटका देतात आणि स्नायू किती वेळाने प्रतिसाद देतो ते मोजतात. मग तोच झटका कोपरापाशी देतात. खालचे आकडे शिकवण्यासाठी घेतलेले आहेत, कुणा एका रुग्णाचे नाहीत, पण अहवालात साधारण असेच दिसतात.

निरोगी हात: मनगटापासून ३.५ मिलिसेकंद, कोपरापासून ७.५ मिलिसेकंद. मनगट ते कोपर अंतर २२ सेंटिमीटर. फरक ४ मिलिसेकंद. २२० मिलिमीटर भागिले ४, म्हणजे मिलिसेकंदाला ५५ मिलिमीटर, म्हणजेच सेकंदाला ५५ मीटर. (दोन ठिकाणी का मोजायचं? कारण तंतूच्या टोकापासून स्नायूपर्यंत रसायनाने निरोप जायला लागणारा वेळ दोन्हीत सारखाच असतो. वजाबाकी केली की तो निघून जातो.)

मायलिन गेलेला हात: मनगटापासून ७ मिलिसेकंद, कोपरापासून १५ मिलिसेकंद. फरक ८. वेग सेकंदाला २७.५ मीटर. निम्मा!

पण थांबा. वेग निम्मा झाला म्हणून हात लुळा पडेल का? हिशेब करा. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत निरोप जायला २० ऐवजी ४० मिलिसेकंद लागतील. एवढा उशीर चालताना आपल्याला जाणवणारही नाही. म्हणजे अशक्तपणाचं कारण नुसता वेग नाही. आमच्या विद्यार्थिनीची शंका इथे अगदी योग्य ठरते.

उत्तर अहवालातल्या दुसऱ्या आकड्यात असतं, प्रतिसादाच्या उंचीत. निरोगी हातात मनगटाला झटका दिल्यावर ८ मिलिव्होल्ट आणि कोपराला दिल्यावर ७.५, जवळपास सारखेच. रुग्णाच्या हातात मनगटाला ६ आणि कोपराला फक्त २. म्हणजे कोपरापाशी निघालेल्या बऱ्याच तंतूंचे निरोप मनगटापर्यंत पोहोचलेच नाहीत. वाटेत थांबले. याला वहनरोध किंवा कंडक्शन ब्लॉक म्हणतात.

का थांबले? आपल्या पाइपकडे परत या. दोन पंपांच्या मधला लोखंडी तुकडा कुणी काढला आणि त्या जागी जुना, गळका, चपटा कापडी पाइप जोडला. मागचा पंप व्यवस्थित चालतोय. पण त्याची ताकद लोखंडी पाइपाच्या हिशेबाने ठरलेली होती. आता त्याचं पाणी पाइप फुगवण्यात आणि भोकांतून उडण्यात संपतं. पुढच्या पंपाच्या बटणापर्यंत पुरेसा दाब जातच नाही. बटण दाबलं जात नाही, पंप सुरू होत नाही, आणि तिथून पुढे सगळं कोरडं.

गाठीपासून पुढच्या गाठीला लागतो त्याच्या साधारण पाचपट प्रवाह निरोगी तंतूत मिळतो. एवढी शिल्लक हाताशी असते, म्हणून मायलिन थोडं खराब झालं तर निरोप उशिराने का होईना पोहोचतो. पण उघड्या पडलेल्या तुकड्याला भरायला दोनशेपट प्रभार लागायला लागला, तर पाचपटीची शिल्लक कुठे पुरणार?

'मग तो तुकडा बिनमायलिनच्या तंतूसारखा वागून हळूहळू संदेश पुढे का नेत नाही?' असं हुशार मूल विचारेल. इथे मघाचा आकडा आठवा. जन्मापासून बिनमायलिनच्या तंतूत सोडियम चॅनेल सगळ्या लांबीवर पसरलेले असतात. इथे मात्र ते गाठीत गोळा झालेले आहेत, आणि मायलिनखालचा भाग जवळपास रिकामा. म्हणून मायलिन गमावलेला तंतू आणि मायलिन नसलेला तंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा हळू चालतो. पहिला थांबू शकतो.

मग वेग कमी झाल्याचा काहीच परिणाम नाही का? आहे. गुडघ्याखाली हातोडी मारून डॉक्टर जो झटका बघतात, त्यासाठी पुष्कळ तंतूंचे निरोप एकदम पोहोचावे लागतात. मायलिन प्रत्येक तंतूत कमी-जास्त खराब झालं की कुणी लवकर पोहोचतो, कुणी उशिरा. एकदम धक्का बसतच नाही. म्हणून या आजारात असे प्रतिक्षेप लवकर नाहीसे होतात.

आणि एक दिलासा देणारी गोष्टही यातूनच कळते. तंतू तुटलेला नसेल, फक्त मायलिन गेलं असेल, तर श्वान पेशी पुन्हा वेढे घालू शकतात. काही आठवडे ते काही महिने लागतात. नवे तुकडे पूर्वीपेक्षा आखूड आणि पातळ असतात, त्यामुळे चाचणीत वेग पूर्ण भरून आलेला दिसेलच असं नाही. पण निरोप पोहोचायला लागला की ताकद परत येते. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढावा लागतो, आणि ते काम फार लांबतं.

वर्गात करून बघा

वीस मुलं एका रांगेत, हात धरून उभी करा. डोळे मिटायला सांगा. पहिल्याने दुसऱ्याचा हात दाबायचा, त्याला जाणवलं की त्याने पुढच्याचा. शेवटच्याने हात वर करायचा. घड्याळ लावा, काही सेकंद लागतील. हा झाला बिनमायलिनचा तंतू.

आता तेवढ्याच लांबीत पाचच मुलं उभी करा आणि प्रत्येक दोघांच्या हातात एक लांब काठी द्या. मागून काठीचा धक्का आला की पुढची काठी ढकलायची. वेळ बराच कमी होईल. मुलांना विचारा, 'वेळ कुठे वाचला?' काठीतून धक्का जायला तर वेळ लागतच नव्हता, वाचला तो माणसांच्या 'जाणवून मग ढकलण्यात'.

तिसऱ्या वेळी मधली एक काठी काढून त्या जागी ढिली दोरी द्या. मागचा मुलगा कितीही ढकलू दे, पुढच्याला काही कळणार नाही. रांग तिथेच थांबेल.

परवा मी हेच आमच्या इमारतीच्या जिन्यात दोन झाडूंच्या काठ्या आणि कपडे वाळत घालायची दोरी घेऊन त्या मुलीला आणि तिच्या धाकट्या भावाला दाखवलं. दोरी हातात घेऊन ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सर, पुढची गाठ बिघडलेली नाहीच. तिला कुणी उठवलंच नाही."

पालकहो, घरी पहिल्या वर्षाचं मूल असेल तर व्याख्या विचारू नका. एवढंच विचारा: 'मायलिन गेलेला तंतू आणि मायलिन कधी नसलेलाच तंतू, यांत फरक काय?' उत्तरात धारिता, गळती आणि चॅनेलची जागा या तीन गोष्टी आल्या, की पाठ समजला.